एलएलएमचं औषध, पण आजार कुठला?

गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत इंदूरला बहिणीकडे गेले होते. फराळाच्या ताटाशेजारीच घराच्या कागदपत्रांची फाईल उघडी पडलेली दिसली. मेहुणे म्हणाले, "ताई, तुम्ही वकील आहात, जरा बघा. फ्लॅट तारण ठेवून साठ लाख मिळतील असं बँक म्हणते." विचारलं, कशासाठी? तर माझ्या भाचीच्या एलएलएमसाठी.

भाची बी.कॉम. करून तीन वर्षांचं एलएलबी झालेली. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात चार वर्षं प्रॅक्टिस, चेक बाउन्सच्या आणि भाडेकरूंच्या केसेस जास्त. लग्न ठरलं तो मुलगा न्यूयॉर्क शहरात एका कंपनीत, एचवन-बी व्हिसावर. म्हणजे ही जाणार ती त्याच्यावर अवलंबून असलेल्या एचफोर व्हिसावर. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका एजंटने तिला सांगितलं होतं की अमेरिकेत वकिली करायची तर एलएलएम लागतंच, आणि एलएलएम झालं की एक वर्ष काम करायची परवानगीही मिळते. नामवंत विद्यापीठाची नुसती ट्यूशन फी सत्तर हजार डॉलरच्या वर जाते, म्हणजे साठ लाखांच्या पुढेच. राहण्याचा प्रश्न नवऱ्याच्या घरात सुटणार होता, म्हणून साठात भागेल असा हिशेब.

मी फाईल मिटवली आणि भाचीला म्हटलं, "आधी मला सांग, तुझ्या पदवीत नेमकी कमी काय आहे? एलएलएम हे औषध आहे. आजार कोणता ते कोणी तपासलंय का?"

"मावशी, ते एजंटने विचारलंच नाही," ती म्हणाली.

वाचकांकडूनही हाच प्रश्न मला सारखा येतो, म्हणून आजचा लेख त्यावर. अमेरिकेत देशभर चालणारी एकच सनद नसते. प्रत्येक राज्य आपापली देतं आणि नियमही आपापले ठेवतं. बऱ्याच राज्यांत तिथलंच तीन वर्षांचं जेडी लागतं, परदेशी पदवीला दारच नसतं. बाहेरच्या वकिलांसाठी खऱ्या अर्थाने उघडी असलेली मोठी दारं दोन, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियात भारतात सनद असलेल्या आणि ती चालू स्थितीत असलेल्या वकिलाला जादा शिक्षण न घेता परीक्षेला बसता येतं. भाचीला राहायचं होतं न्यूयॉर्कला, म्हणून आम्ही न्यूयॉर्कचा नियम काढून बसलो.

तो नियम दोन गोष्टी तपासतो. पहिली, तुमचं कायद्याचं शिक्षण किती काळ चाललं, ते तिथल्या जेडीच्या कालावधीला जवळपास समतुल्य आहे का. दुसरी, तुम्ही ज्या देशात शिकलात तिथली न्यायव्यवस्था इंग्लिश कॉमन लॉवर उभी आहे का. भारत दुसऱ्या कसोटीत बसतो. पहिल्या कसोटीत पूर्णवेळ तीन वर्षांचं एलएलबी किंवा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम अनेकदा बसतो. दोन्ही कसोट्या पार झाल्या तर एलएलएम लागतच नाही, थेट परीक्षा. एकच कसोटी अडली, तर अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलचं एलएलएम ती एक उणीव भरून काढतं. आणि दोन्ही अडल्या तर एलएलएमही उपयोगाचं नाही. म्हणजे एलएलएमचा उपयोग मधल्या गटाला. फ्रान्स किंवा ब्राझीलहून येणाऱ्या वकिलाची न्यायव्यवस्थाच वेगळी, त्याला ते लागतं. भारतातल्या वकिलाने मात्र आपण कुठल्या गटात आहोत हे आधी विचारावं, आणि ते विचारायची सोय आहे.

ही सोय म्हणजे न्यूयॉर्कच्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडे करायचा पात्रता तपासणीचा अर्ज. nybarexam.org या त्यांच्या साईटवर परदेशी पदवीधरांसाठी वेगळा फॉर्म असतो. त्याच्यासोबत विद्यापीठाची गुणपत्रकं, पदवी मिळाल्याचा पुरावा आणि बार कौन्सिलचा सनदेचा दाखला जावा लागतो. उत्तर यायला महिने लागतात, म्हणून परीक्षा ज्या वर्षी द्यायची त्याच्या आदल्या वर्षीच हे काम हाती घ्यावं.

भाचीचं पहिलं पाकीट परत गेल्यासारखंच झालं. तिने विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट हातात घेतलं, छान प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि स्वतः कुरिअर केलं. बोर्डाला ते विद्यापीठाकडून थेट, बंद पाकिटात यायला हवं असतं. उमेदवाराच्या हातातून आलेला कागद, कितीही खरा असला तरी, ते धरत नाहीत. मग परत विद्यापीठात चकरा. खिडकीवरचा कारकून म्हणे, "आम्ही परदेशात पाठवत नाही, तुम्हीच न्या." शेवटी परीक्षा विभागाच्या अधिकाऱ्यांना लेखी अर्ज, सोबत पत्ता लिहिलेलं आणि कुरिअरचे पैसे भरलेलं पाकीट, असं केल्यावर काम झालं. यात तीन महिने गेले. तुमच्यापैकी कोणी या वाटेवर असेल तर पहिल्याच दिवशी हे पाकीट घेऊन जा.

सात महिन्यांनी बोर्डाचं पत्र आलं. तिची पदवी पुरेशी आहे, एलएलएमशिवाय परीक्षेला बसता येईल. मेहुण्यांनी फ्लॅटची फाईल कपाटात परत ठेवली. इथे एक सावधगिरीची सूचना: हा निर्णय तिच्या कागदांवर झाला. कोणाच्या कॉलेजच्या वर्गांचं स्वरूप वेगळं असेल, कोणी काही भाग पत्रद्वारे केला असेल, तर उत्तर वेगळं येऊ शकतं. बहिणीच्या मुलीला मिळालं म्हणून मला मिळेल, असं धरून तिकीट काढू नका.

आता एजंटच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. एलएलएम झालं की एक वर्ष काम करता येतं, हे खरं आहे, पण ते एफवन या विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्याला. एचफोर व्हिसावर राहून कॉलेजात शिकायला बंदी नाही. मात्र शिकून झाल्यावरची ती एक वर्षाची कामाची मुभा एचफोरवाल्याला मिळत नाही. भाची एचफोरवर राहून एलएलएम करणार होती. म्हणजे साठ लाख देऊन ज्या गोष्टीसाठी ते दिले ती हातात येणारच नव्हती. एचफोरवर काम करायचं तर वेगळं परवानगीपत्र, ईएडी, लागतं. तेही नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जात कंपनीची एक ठरावीक पायरी मंजूर झाल्यावरच मिळतं. एजंटला हे ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही. त्याचं कमिशन मात्र विद्यापीठाकडून येतं, हे तिला पुढे कळलं.

ज्यांना एलएलएम खरोखर लागतं, किंवा इतर कारणांनी करायचंच आहे, त्यांनी एक गोष्ट बघावी. न्यूयॉर्कला कोणतंही एलएलएम चालत नाही. किमान चोवीस क्रेडिट्स हवीत, आणि त्यात काही विषय ठरलेले असतात: वकिली पेशाची आचारसंहिता दोन क्रेडिट, कायद्याचं संशोधन आणि लेखन दोन, अमेरिकन कायद्याची ओळख दोन, आणि परीक्षेत येणारे विषय मिळून सहा. वर्ग प्रत्यक्ष अमेरिकेत बसूनच करायचे, ऑनलाइन एलएलएम धरत नाहीत. एखाद्याने आवडीने सगळी क्रेडिट्स आंतरराष्ट्रीय मानवी हक्क आणि समुद्री कायद्यात घेतली, तर पदवी सुंदर मिळते आणि परीक्षेचं दार बंद राहतं. लंडनमध्ये केलेलं एलएलएम तर न्यूयॉर्कच्या या उणिवेला अजिबात लागू पडत नाही. पुण्याच्या एका वाचकाने मला लिहिलं होतं की लंडनहून एलएलएम करून मग न्यूयॉर्कची परीक्षा देणार आहे, ते स्वस्त पडतं. स्वस्त पडतं खरं, पण त्या कामाचं ते नाही.

परीक्षेबद्दल बोलायचं तर ती वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि जुलैमध्ये, दोन दिवस, आणि न्यूयॉर्क राज्यातच जाऊन द्यावी लागते. एका दिवशी दोनशे बहुपर्यायी प्रश्न, सहा तास. दुसऱ्या दिवशी सहा निबंधवजा प्रश्न आणि दोन प्रत्यक्ष कामाचे नमुने, म्हणजे फाईल देतात आणि त्यावरून मेमो किंवा पत्र लिहा म्हणतात. एकूण चारशेपैकी २६६ गुण लागतात. न्यूयॉर्क जुलै २०२८ पासून परीक्षेचा नवा साचा आणणार आहे, तेव्हा जो आज अभ्यास सुरू करून दोन-तीन वर्षांनी बसायचं म्हणतो त्याने जुनी पुस्तकं घेऊ नयेत.

भारतीय वकील यात कुठे अडतात? इंग्रजीत कमी, कायद्यात जास्त. आणि गंमत म्हणजे, जिथे कायदा अगदी परका आहे तिथे तो अभ्यास करतो आणि पास होतो. जिथे तो ओळखीचा वाटतो तिथे पडतो. भाचीने पहिल्या सराव परीक्षेत चुकवलेले प्रश्न मला दाखवले, त्यातले तीन सांगते.

एक होता सतरा वर्षांच्या मुलाने केलेल्या कराराचा. आपण १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून घोकत आलो की अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य, तो झालाच नाही. भाचीने तेच उत्तर दिलं. अमेरिकेत असा करार चालू असतो, फक्त त्या मुलाला हवं तर तो मोडता येतो. मोठा माणूस मात्र त्यातून सुटू शकत नाही. दुसरा प्रश्न प्रतिफलाचा. शेजाऱ्याने तुमचं काही काम तुमच्या सांगण्यावरून आधीच केलं आहे, आणि नंतर तुम्ही म्हणालात की त्याबद्दल पैसे देईन. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात असं आधी झालेलं कामही प्रतिफल म्हणून चालतं, व्याख्येतच ते बसवलेलं आहे. अमेरिकेत नियम उलटा, आधी होऊन गेलेलं काम नंतरच्या वचनाला आधार देत नाही. तिसरा कबुलीजबाबाचा. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तसंच ठेवलं आहे. अमेरिकेत तो चालतो, पण दडपणाशिवाय दिलेला हवा. शिवाय ताब्यात घेऊन विचारपूस केली असेल तर १९६६ च्या मिरांडा निकालातले इशारे दिलेले हवेत. चार वर्षं फौजदारी कोर्टात उभी राहिलेली मुलगी, तिचा हात आपोआप "चालत नाही" या पर्यायावर गेला.

या प्रश्नांना वेळ किती मिळतो? दोनशे प्रश्न सहा तासांत, म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. त्यात सवय विचाराच्या पुढे धावते. म्हणून तिने एक वही केली, डावीकडे आपला नियम, उजवीकडे तिथला. तयारीच्या कोणत्याही कोर्समध्ये ही वही मिळत नाही, कारण ते कोर्स अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असतात. त्यांच्या डोक्यात खोडून काढायला काही नसतंच.

निकालाचंही खरं सांगायला हवं. अमेरिकन लॉ स्कूलमधून पहिल्यांदा बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण न्यूयॉर्कची परीक्षा पास होतात. परदेशात शिकून येणाऱ्यांपैकी साधारण निम्मे होतात. भाची फेब्रुवारीत २५१ वर अडली. घरात दोन दिवस कोणी बोललं नाही. तिथे प्रयत्नांवर मर्यादा नसते, म्हणून ती जुलैला परत बसली, २७१ मिळाले. मधल्या काळात तिने बहुपर्यायी प्रश्नांचा सराव कमी केला आणि निबंध वेळ लावून लिहिले. पहिल्या वेळी गुण तिथेच गेले होते. आपण कोर्टात युक्तिवाद करतो तसा तिने पानभर सविस्तर लिहिलं होतं. तिथे परीक्षक शोधतात ते चार टप्प्यांत बांधलेलं उत्तर: प्रश्न काय, नियम काय, तो या हकिगतीला कसा लागू पडतो, निष्कर्ष काय.

आणि परीक्षा पास म्हणजे सनद नव्हे. पेशाच्या आचारसंहितेची साठ प्रश्नांची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या स्वतःच्या कायद्याची ऑनलाइन परीक्षा, पन्नास तासांचं मोफत कायदेशीर काम, आणि चारित्र्याची छाननी. छाननीसाठी पूर्वीच्या वरिष्ठांची शपथपत्रं आणि बार कौन्सिलचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. पन्नास तास भारतातही करता येतात, पण कधी केलेले तास धरतात याची खिडकी ठरलेली असते, ती आधी वाचून घ्यावी. कौशल्याचीही एक अट आहे. तीही अनेक मार्गांनी भागते, त्यातला एक म्हणजे सनद मिळाल्यावर आपल्या देशात वर्षभर पूर्णवेळ केलेली वकिली. इंदूरच्या चेक बाउन्सच्या केसेस इथे कामाला आल्या.

एक गोष्ट इथे कानात सांगते. परदेशी जाताना आपली भारतातली सनद वाऱ्यावर सोडू नका. बार कौन्सिलची वर्गणी, पत्ता, ऑल इंडिया बार एक्झामचं प्रमाणपत्र, सगळं नीट ठेवा. पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत तर आपल्या नियमांप्रमाणे प्रॅक्टिस स्थगित करायचं बार कौन्सिलला कळवावं लागतं. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागायला जाल तेव्हा हेच कागद आधी बघतात.

आता इंग्लंड, कारण हैदराबादहून एका वाचकाने त्याबद्दल विचारलं आहे. तो पाच वर्षांचा कोर्स करून तीन वर्षं हायकोर्टात ज्युनियर आहे, आणि विचारतो की लंडनचं एलएलएम केलं तर सॉलिसिटर होता येईल का.

एलएलएम करा किंवा करू नका, सॉलिसिटर होण्याचा रस्ता तोच राहतो. सप्टेंबर २०२१ पासून तिथे एसक्यूई नावाची परीक्षा आहे. बाहेरच्या वकिलांसाठी आधी वेगळी बदली परीक्षा असायची, ती जाऊन आता तिथल्या मुलांना आणि आपल्याला एकच. पहिला टप्पा ३६० बहुपर्यायी प्रश्नांचा, दोन पेपर. तो भारतातल्या मोठ्या शहरांतल्या संगणक केंद्रांवरही देता येतो. पास होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास वरखाली होत राहतं. दुसरा टप्पा सोळा प्रत्यक्ष कामांचा, त्यातली बारा लेखी आणि चार तोंडी. पक्षकाराची मुलाखत घेऊन दाखवणं, कोर्टात बाजू मांडणं. तोंडी भागासाठी तिकडे जावंच लागतं. प्रत्येक टप्प्याला सहा वर्षांत तीनच प्रयत्न मिळतात, म्हणून "देऊन बघू" म्हणून बसू नये. दोन्ही टप्प्यांची फी मिळून साधारण ४,९०० पाउंड, ती वरचेवर वाढते, तेव्हा भरायच्या आधी sra.org.uk वर बघून घ्या.

तिथल्या मुलांना परीक्षेशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. आपल्या देशात पूर्ण सनद मिळालेल्या वकिलाला ती अट नाही. हैदराबादच्या या मुलासाठी ही मोठी सूट आहे, आणि ती त्याला एलएलएममुळे नाही, बार एक्झाम पास होऊन मिळालेल्या सनदेमुळे मिळते. नुकतीच पदवी घेतलेल्या आणि बार एक्झाम न दिलेल्या मुलाला ती मिळणार नाही. म्हणून घाईने विमानात बसण्याआधी इथली सनद पूर्ण करा, असं मी सगळ्यांना सांगते. शिवाय किमान दोन वर्षं प्रत्यक्ष काम केलेल्या वकिलाला दुसऱ्या टप्प्यातून सूट मागता येते. तुमची पात्रता आणि तुमचं काम त्या टप्प्यात तपासतात त्या कौशल्यांच्या तोडीचं आहे, हे कागदांनी पटवून द्यावं लागतं. त्याने आतापासून आपण स्वतः लिहिलेली प्लीडिंग्ज, घेतलेल्या मुलाखती, केलेले युक्तिवाद यांची तारखेनिशी नोंद ठेवावी आणि सीनियरची सही घ्यावी. तीन वर्षांनी सीनियरला आठवेल म्हणून थांबू नये.

मग लंडनच्या एलएलएमचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळा. त्यावर विद्यार्थी म्हणून जाता येतं, आणि नंतर काही काळ तिथे राहून काम शोधायचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. तो सध्या दोन वर्षांचा, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचा. नोकरी देणाऱ्या फर्मला समोर बसलेला माणूस आणि हैदराबादहून ई-मेल करणारा माणूस यांत फरक वाटतो, हे मान्य करायला हवं. काही विद्यापीठं एसक्यूईची तयारी आत घेतलेलं एलएलएम देतात. पैसे घालायचेच असतील तर तिथे घालावेत, कारण निव्वळ शैक्षणिक एलएलएममध्ये इंग्लिश घर खरेदीची प्रक्रिया, मृत्युपत्रं आणि सॉलिसिटरने पक्षकाराचे पैसे कसे वेगळे ठेवायचे हे शिकवत नाहीत. एसक्यूईत नेमकं तेच विचारतात.

त्या मुलाला मी असं लिहिलं आहे: पहिला टप्पा भारतात बसून दे. नोकरी सोडू नकोस. पास झालास तर त्या गुणपत्रकानिशी लंडनच्या फर्म्सना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या भारतीय फर्म्सना लिही. कोणी बोलावलं तर एलएलएम लागणार नाही. कोणी बोलावलं नाही, तर तेव्हा तीस लाख आणि तो दीड-दोन वर्षांचा व्हिसा यांचा विचार कर. नापास झालास, तर घरच्यांचे तीस लाख निदान तो टप्पा पास होण्याच्या आधी अडकले नाहीत.

कॅनडाचं थोडक्यात, कारण ब्रॅम्प्टनहून दोन पत्रं आली आहेत. तिथे एनसीए नावाची समिती तुमची पदवी तपासून कुठले विषय द्यायचे ते कळवते. संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनेडियन कायद्याची पायाभूत ओळख आणि पेशाची आचारसंहिता हे पाच सगळ्यांनाच असतात. तीन वर्षांच्या एलएलबीवाल्यांना आणखी काही मिळू शकतात. त्या परीक्षा घरून, पुस्तक उघडं ठेवून देता येतात, पास व्हायला पन्नास गुण. हे विषय शिकवणारं खास एलएलएम तिथे आहे, ते केलं तर परीक्षांऐवजी चालतं. पण तुम्हाला नेमून दिलेले विषय त्यात आहेत का ते जुळवून बघा, एकही सुटला तर तो वेगळा द्यावाच लागतो. त्यानंतर प्रांताची स्वतःची परीक्षा आणि अनुभव राहतोच.

भाची सध्या न्यूयॉर्कमध्ये पन्नास तासांतले शेवटचे बारा पूर्ण करते आहे, एका मोफत सल्ला केंद्रात, भाडेकरूंच्या केसेस. "मावशी, इथेही घरमालक नोटीस न देता कुलूप बदलतात," असा परवा तिचा व्हॉइस मेसेज आला. नवऱ्याच्या अर्जाची पायरी अजून मंजूर व्हायची आहे, म्हणून ईएडी नाही, म्हणून पगार नाही. शपथविधीची तारीख त्याच्या आधी येते की नंतर, हे बघायचं आहे. मेहुण्यांनी फ्लॅटचे कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून दिले आहेत.